महागाईशी बांधलेले रोखे परत काढा, पण या वेळी नीट काढा: रिझर्व्ह बँक आणि अर्थ मंत्रालयाला खुलं पत्र

रिझर्व्ह बँकेत सरकारी कर्जाचं काम बघणारे अधिकारी आणि दिल्लीत अर्थ मंत्रालयात बसून दर सहा महिन्यांनी कर्ज-उभारणीचं कॅलेंडर ठरवणारी मंडळी, यांस,

स. न. वि. वि.

तुमचं ते कॅलेंडर मी वाचतो. हो, असली माणसं असतात. पाच वर्षांचे रोखे, दहा वर्षांचे, तीस-चाळीस-पन्नास वर्षांचे, ग्रीन बाँडसुद्धा येऊन गेले, पण महागाईशी जोडलेला एकही रोखा त्यात गेली कित्येक वर्षं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, २०१३ ला काढून बघितले, लोकांनी घेतले नाहीत. आता हे उत्तर अर्धं खरंय म्हणूनच ते जास्त खटकतं. लोकांनी घेतले नाहीत हे बरोबर, पण जे विकायला काढलं होतं ते नक्की काय होतं हे एकदा शांतपणे बघू, कारण माझं म्हणणं असं की कल्पना चांगली होती आणि वस्तू चुकीची शिवली होती.

आधी वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगतो, तुम्हाला माहितीच आहे. साध्या सरकारी रोख्यात एक लाख घातले की मुदतीला एक लाखच परत, मधे ठरलेलं व्याज. महागाई चार टक्के झाली काय नि बारा झाली काय, सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही, भोगायचं तुम्ही. महागाईशी जोडलेल्या रोख्यात मुद्दलच हलतं. रोखा निघाला त्या दिवशीचा किंमत निर्देशांक पकडायचा, आजचा निर्देशांक घ्यायचा, आजच्याला तेव्हाच्याने भागायचं, येतो तो आकडा म्हणजे इंडेक्स रेशो, त्याने मुद्दलाला गुणायचं. निर्देशांक १०० चा १०६ झाला की एक लाखाचं मुद्दल एक लाख सहा हजार, आणि व्याजाचा टक्का तोच राहतो पण तो या वाढलेल्या मुद्दलावर लागतो. म्हणून या रोख्यांचा व्याजदर दिसायला केविलवाणा असतो, दीड टक्का, दोन टक्के, कारण तो महागाईच्या वरचा असतो. अमेरिकेत हे १९९७ पासून टिप्स नावाने चालू आहेत, ब्रिटनमध्ये १९८१ पासून, आणि मुळात कल्पना तर इतकी जुनी की १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांना पगाराऐवजी दिलेल्या कागदांची किंमत मका, गोमांस, लोकर आणि चामड्याच्या ठरलेल्या वजनाशी बांधली होती. सैनिकांना कळत होतं की नोटेवरचा आकडा खाता येत नाही.

आता आपल्याकडे काय झालं ते. पहिला प्रयत्न १९९७ च्या डिसेंबरात, सहा टक्क्यांचा पाच वर्षांचा रोखा, त्यात मुद्दल महागाईशी बांधलेलं पण व्याज मूळ मुद्दलावरच. एकदाच काढला आणि विषय संपला. मग २०१३. त्या वर्षीच्या बजेटच्या भाषणात चिदंबरम यांनी गरीब आणि मध्यमवर्गाची बचत महागाईपासून वाचवणारं काहीतरी आणू असं सांगितलं होतं, मनात धास्ती सोन्याची होती, लोक सोनं घेत होते आणि चालू खात्यातली तूट फुगत होती. जूनमध्ये पहिला लिलाव झाला, हजार कोटींचा, दर ठरला १.४४ टक्के, दहा वर्षांची मुदत, २०२३ ला परतफेड. आणि मुद्दल बांधलं कशाला तर घाऊक किंमत निर्देशांकाला, डब्ल्यूपीआयला.

इथेच माशी शिंकली. डब्ल्यूपीआयमध्ये घरभाडं नाही, शाळेची फी नाही, डॉक्टरची फी नाही, बसचं तिकीट नाही, म्हणजे सेवा म्हणून काही नाहीच. त्यात खनिज तेल आहे, पोलाद आहे, रसायनं आहेत, कारखान्याच्या दारातले भाव आहेत. २०१४ च्या मध्यापासून जगभर कच्चं तेल कोसळलं आणि आपली घाऊक महागाई नोव्हेंबर २०१४ पासून शून्याखाली गेली ती जवळपास दीड वर्ष वर आलीच नाही. त्याच काळात किराणा, औषधं, भाडं यांची महागाई, म्हणजे ग्राहक निर्देशांकाची, सीपीआयची, पाचेक टक्क्यांनी चालूच होती.

आकड्यांत बघू. डब्ल्यूपीआयच्या तेव्हा वापरात असलेल्या मालिकेत २०१३-१४ ची सरासरी होती १७७.६ आणि २०१५-१६ ची १७६.७. भागाकार केला की ०.९९५. म्हणजे एखाद्याने एक लाख या हिशोबाने बांधले असते तर दोन वर्षांनी त्याचं मुद्दल झालं ९९,४९३ रुपये, वाढायचं सोडा, पाचशे रुपयांनी घटलं. त्याच दोन वर्षांत सीपीआय ११२.२ वरून १२४.७ वर गेला, त्या हिशोबाने मुद्दल व्हायला हवं होतं १,११,१४१. एकाच माणसाचे, एकाच काळातले पैसे, आणि नुसता निर्देशांक बदलला तर पावणेबारा हजारांच्या घरात फरक. (मी इथे वर्षाची सरासरी घेतलीये, प्रत्यक्षात रेशो रोजच्या रोज बदलतो आणि चार महिने मागचा आकडा वापरतो, म्हणजे एक जूनला फेब्रुवारीचा डब्ल्यूपीआय, एक जुलैला मार्चचा, मधल्या दिवसांना त्या दोघांमधलं प्रमाण. कारण अंतिम आकडा यायलाच तेवढा वेळ लागतो. त्यामुळे भाजी आज महागली तरी रोख्याला ते चार महिन्यांनी कळतं, आणि हे चालतं, याबद्दल माझी तक्रार नाही.)

मुदतीला मूळ मुद्दलापेक्षा कमी मिळणार नाही ही हमी त्या रोख्यात होती, ती चांगलीच होती. पण ती मुदतीला. मधल्या काळात व्याज घटलेल्या मुद्दलावर मिळणार, आणि विकायला गेलं तर विकत घेणारा कोण? बाजार जवळजवळ नव्हताच. तेल पुढे परत चढलं, २०२१-२२ मध्ये घाऊक महागाई उसळली, तरीसुद्धा २०१३-१४ ते २०२२-२३ हा सगळा काळ धरला तर डब्ल्यूपीआय साधारण ३६ टक्के वाढला आणि सीपीआय साधारण ५६ टक्के. ज्याला महागाईपासून संरक्षण म्हणून विकलं त्याला एका पायाचा पायजमा दिला की हो तुम्ही.

तुम्ही म्हणाल ते तर संस्थांसाठी होतं, सामान्य माणसासाठी डिसेंबर २०१३ मध्ये सीपीआयला बांधलेली वेगळी बचत योजना आणली होती ना. आणली होती. इन्फ्लेशन इंडेक्स्ड नॅशनल सेव्हिंग सिक्युरिटीज, क्युम्युलेटिव्ह. नाव घेईपर्यंतच काउंटर बंद व्हायची वेळ. त्यात दीड टक्का पक्का आणि वर सीपीआयची महागाई, दर सहा महिन्यांनी चक्रवाढ, आणि महागाई शून्याखाली गेली तरी तो दीड टक्का हलत नव्हता. कागदावर मला विचाराल तर तेव्हा बाजारात याच्या तोडीचं काही नव्हतं. महागाई ११ टक्क्यांच्या वर होती, बँका एफडीला ९ टक्के देत होत्या.

मग का नाही घेतलं कोणी? माझ्या ओळखीतले एक काका, खासगी कंपनीतून रिटायर झालेले, वय तेव्हा सदुसष्ट, हिशोबाला एकदम पक्के, त्यांच्याबरोबर मी एका बँकेत चौकशीला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म शोधला, सापडला नाही, आतल्या साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, काका, एफडी करा ना, नऊ टक्के आहे. ते सोडा, बँकांना त्यात रस का असेल, ठेव त्यांची जाते. पण मी माहितीपत्रक काढून वाचून दाखवलं तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला, दर महिन्याला किती येणार? उत्तर होतं, शून्य. सगळं दहा वर्षांनी एकदम. काका म्हणाले, अरे मी सत्त्याहत्तरचा होईन तेव्हा, मधे जेवू काय? मोडता येत होतं, पासष्टच्या वरच्यांना एका वर्षानंतर आणि बाकीच्यांना तीन वर्षांनंतर, पण शेवटच्या व्याजाचा अर्धा भाग कापून. काकांनी एफडी केली. पुढे त्याच एफडीचं नूतनीकरण होता होता नवाचे सात झाले, सातचे साडेपाच, आणि औषधांचं बिल मात्र पासबुकाच्या उलट्या दिशेने गेलं.

योजना ३१ मार्च २०१४ ला बंद. तीन महिने आणि वर आठवडा. तीन महिन्यांत लोकांना गॅसची सबसिडीसुद्धा कळत नाही.

आता मुख्य मुद्दा, या रोख्यांचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला होतो. कारण हे ठरवलं की बाकीचं आपोआप ठरतं, आणि २०१३ ला हेच ठरवलं नव्हतं.

ज्याचं उत्पन्न आधीच महागाईबरोबर वाढतं त्याला हे फारसं नको. केंद्र सरकारच्या पेन्शनरला जानेवारी आणि जुलैचा महागाई भत्ता असतो, तो औद्योगिक कामगारांच्या सीपीआयवरच ठरतो, म्हणजे त्याचं पेन्शन हाच एक महागाईशी बांधलेला रोखा आहे आणि तोही फुकटचा. तिशीतल्या आयटीवाल्याला पण घाई नाही, त्याचा पगार वाढतोय, वर गृहकर्ज आहे, आणि महागाई वाढली की कर्जदाराचं ओझं हलकंच होतं. सगळ्यात जास्त गरज आहे ती ज्याचं कमावणं थांबलंय, पुंजी आहे ती एवढीच आहे, आणि भत्ता देणारं कोणी नाही त्याला. खासगी कंपनीतून निवृत्त झालेला, छोटा दुकानदार, नवऱ्यामागे एफडीच्या व्याजावर राहणारी बाई. खासगी नोकरदारांच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेचं उदाहरण घ्या, किमान पेन्शन २०१४ ला हजार रुपये ठरली आणि २०२३-२४ पर्यंत तरी ती हजारच होती, सीपीआयने हिशोब केला तर २०१४-१५ च्या मानाने त्या हजाराचे तोवर ६४६ रुपये उरले होते. कोणी कापले नाहीत, कुठे सही झाली नाही, आणि साडेतीनशे गेले.

दुसरा मोठा लाभार्थी म्हणजे ज्यांना असल्या माणसांना पेन्शन द्यायचीये त्या संस्था. एनपीएस या पेन्शन योजनेतून बाहेर पडताना जी ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन विमा कंपनीकडून मिळणारी आयुष्यभराची पेन्शन, घ्यावी लागते त्यात वर्षाला ठराविक ३ टक्के सरळ वाढीसारखा पर्याय सापडतो, पण "महागाईइतकी वाढ" असं कोणी विकत नाही, कारण विमा कंपनीने ती जोखीम घेतली तर ती भरून काढायला बाजारात तसा रोखाच नाही. बाकी देशांत या रोख्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक पेन्शन फंडच आहेत, ब्रिटनने तर १९८१ ला सुरुवातीला फक्त त्यांनाच घेऊ दिले होते. रोखा तुम्ही काढलात तर ती पेन्शन कोणीतरी विकेल.

पण फायदा आपोआप होत नाही, दोन अटी आहेत आणि त्या लोकांना स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा फसवल्याची भावना येईल.

पहिली अट, मुदतीपर्यंत धरून ठेवायचा. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त, आणि त्याच वर्षी टिप्सचे फंड साधारण १२ टक्के पडले. लोक चक्रावले, महागाईचा रोखा महागाईत पडतो कसा? तर मुद्दल वाढलंच होतं, पण फेडरल रिझर्व्हने व्याजदर इतके चढवले की दहा वर्षांच्या टिप्सचा महागाईवरचा दर उणे एकच्या आसपास होता तो दीडच्या आसपास गेला. नवीन रोख्यात दीड टक्का मिळत असेल तर उणे दराने घेतलेला जुना तुमच्याकडून पूर्ण भावात कोण घेईल? ज्यांनी विकलं त्यांना तोटा, ज्यांनी मुदतीपर्यंत धरला त्यांना ठरलं होतं तेच. आणि तसंही साध्या रोख्यापेक्षा हा सरस ठरतो तो महागाई बाजाराच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली तरच. साधा दहा वर्षांचा रोखा साडेसहा टक्के देतोय आणि महागाईवाला अडीच, तर मधले चार टक्के हा बाजाराचा अंदाज. महागाई चारच निघाली तर दोघे सारखे, तीन निघाली तर साधा बरा. निवृत्त माणूस तरी हा घेतो तो अंदाज चुकला तर काय, या भीतीपोटी, विमा घेतो तसा.

दुसरी अट कराची, आणि ही तुमच्या हातात आहे, म्हणून जरा सविस्तर. समजा महागाई ६ टक्के आणि वरचा दर दीड. एक लाखावर वर्षाला ७,५०० झाले. त्यातले ६,००० हे उत्पन्न नाहीच, ते फक्त झीज भरून काढणं आहे. पण कर लागतो सगळ्या ७,५०० वर. ज्याला कर नाही त्याला खरे दीड हजार मिळाले. ३० टक्केवाल्याचा सेससकट ३१.२ टक्क्यांनी २,३४० कर गेला, हातात ५,१६०, म्हणजे महागाई भरून निघायलाही ८४० कमी. आता महागाई १० टक्के करून बघा. ११,५०० आले, ३,५८८ कर, उरले ७,९१२, आणि झीज झालीये १०,००० ची. खड्डा २,०८८ चा. म्हणजे महागाई जितकी जास्त तितका हा महागाई-संरक्षक रोखा करदात्याला जास्त बुडवतो! २०१३ च्या योजनेत कराची काहीही सवलत नव्हती आणि त्याच हंगामात सरकारी कंपन्यांचे करमुक्त बाँड साडेआठ-नऊच्या घरात दर देत बाजारात होते. मोठ्या स्लॅबवाल्याने ते घेतले, त्याला दोष कशाला द्यायचा. ब्रिटनमध्ये व्यक्तीकडे असलेल्या अशा रोख्याच्या मुद्दलातल्या वाढीवर कर नाही, फक्त व्याजावर आहे. आपल्याकडे डेट फंडांना इंडेक्सेशन, म्हणजे कर मोजताना महागाईइतकी वाढ वगळायची सोय, होतं तेही एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गुंतवणुकीला काढून टाकलंत. मग महागाईची झीज करातून वजा करायला सामान्य माणसाला जागा राहिली कुठे?

मला माहितीये, कोणीतरी म्हणेल फ्लोटिंग रेट सेव्हिंग बाँड आहेत की, ८.०५ टक्के. आहेत, आणि चांगले आहेत, पण ते राष्ट्रीय बचतपत्राच्या दराला बांधलेत, त्यावर ०.३५ टक्के, आणि बचतपत्राचा दर सरकार दर तिमाहीला स्वतः जाहीर करतं. महागाई वाढल्यावर तो वाढवलाच पाहिजे असं बंधन नाही. मुद्दल तर तिथे हलतच नाही.

तेव्हा मागणी अशी. सीपीआयला बांधा, डब्ल्यूपीआयचं नावही नको. सीपीआय परिपूर्ण आहे असं नाही, २०१२ पायाच्या मालिकेत खाण्यापिण्याला जवळपास ४६ टक्के वजन होतं आणि आरोग्याला सहाच्या आत, सत्तरीतल्या माणसाचं ताट आणि गोळ्या यांचं प्रमाण बरोबर उलटं असतं, पण निदान तो ग्राहकाचा निर्देशांक आहे. एकच दहा वर्षांची मुदत नको, एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत दरवर्षी एक मुदत संपेल असे रोखे ठेवा, छोट्या रकमेचे, सामान्य माणसाला थेट सरकारी रोखे विकणाऱ्या रिटेल डायरेक्टवर, कारण ते पोर्टल २०२१ पासून तुमच्याकडे तयार आहे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर्षाला तीन लाख लागतात ना, मग दहा मुदतींत प्रत्येकी तीन लाख. दरवर्षी एक रोखा सुटतो, तोवरच्या सगळ्या महागाईइतका फुगून हातात येतो, पाच टक्के महागाई धरली तर दहाव्या वर्षीचे तीन लाख जवळपास चार लाख एकोणनव्वद हजार होऊन येतात आणि मधे विकायची वेळच येत नाही. मुद्दलातल्या वाढीवर कर नको, दीड-दोन टक्के व्याजावर खुशाल लावा. दरडोई मर्यादा घाला, श्रीमंतांनी करमुक्तीसाठी उचलू नये म्हणून, ती घालायला माझा अजिबात विरोध नाही.

आणि महागाई कमी असताना सुरू करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीपीआयची महागाई ०.२५ टक्क्यावर आली होती. असल्या वेळी कोणी मागत नाही हे खरं, पण २०१३ सारखं ११ टक्क्यांवर दुकान उघडायचं, वर्षभरात महागाई पाचच्या आत आली की घेणाऱ्याला वाटणार आपला दर कोसळला, आणि तोवर तुम्ही दुकान बंद करून मोकळे, यापेक्षा ते बरं. टिप्सचे लिलाव महागाई असो नसो, ठरल्या वेळापत्रकाने होत राहतात, म्हणून तिथे बाजार तयार झाला.

तुमच्यातले काही जण म्हणतील सरकारवर बोजा पडेल. २०१६ पासून महागाई चार टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य तुम्हीच घेतलंय, दोन वर दोन खाली. ते पाळलंत तर या रोख्याचा बोजा साध्या रोख्यापेक्षा जास्त पडायचं कारण नाही, उलट साध्या रोख्यात गुंतवणूकदार महागाईच्या भीतीचा जो जादा दर मागून घेतो तो वाचेल. नाही पाळलंत तर पडेल, आणि तो आज ईपीएसवाल्याच्या हजारातून पडतोच आहे.

पुढच्या सहामाहीचं कॅलेंडर निघेल तेव्हा त्यात एक ओळ शोधणार आहे. पाचशे कोटींची असली तरी चालेल.

आपला,
सरकारी रोखे हौसेने वाचणारा एक ठेवीदार, सांगली